एक ओहमचा फिल्टर, पंच्याहत्तर हजार ओहमचा फिल्टर

फिल्टरच्या जाडजूड पुस्तकांमध्ये शेवटी तक्ते असतात. दोन कपॅसिटर वापरणाऱ्या, म्हणजे सेकंड ऑर्डरच्या, बटरवर्थ लो-पास फिल्टरची ओळ शोधली तर तिथे असे आकडे सापडतात: दोन्ही रेझिस्टर १ ओहम, एक कपॅसिटर १.४१४ फॅरड, दुसरा ०.७०७ फॅरड, कटऑफ १ रेडियन प्रतिसेकंद. पहिल्यांदा वाचणारा इथे थबकतो. रेडिओत किंवा ॲम्प्लिफायरमध्ये दिसणारे कपॅसिटर नॅनोफॅरडमध्ये मोजले जातात आणि नॅनोफॅरड म्हणजे फॅरडचा शंभर कोटीवा भाग. एक रेडियन प्रतिसेकंद म्हणजे ०.१५९ हर्ट्झ, म्हणजे सव्वासहा सेकंदांत एक आवर्तन. एवढ्या मंद गतीचा फिल्टर सहसा कोणाला नको असतो आणि दीड फॅरडचा कपॅसिटर त्यासाठी कोणी विकतही घेणार नाही.

तरीही हे आकडे वर्षानुवर्षे असेच छापले जातात, कारण ते बांधण्यासाठी दिलेलेच नाहीत. हा मूळ नमुना आहे. इंजिनिअर त्याला नॉर्मलाइज्ड प्रोटोटाइप म्हणतात. त्यात फिल्टरचा फक्त आकार साठवलेला असतो: कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल पुढे जातो, याच्या आलेखाचे वळण. तो आकार कुठल्या वारंवारतेवर बसवायचा आणि कोणत्या रेझिस्टर-कपॅसिटरांनी उभा करायचा, हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते दोन वेगळ्या पायऱ्यांनी घेतले जातात. पहिल्या पायरीला फ्रीक्वेन्सी स्केलिंग म्हणतात, दुसरीला इम्पिडन्स स्केलिंग. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराएवढेच आहे. कसब लागते ते दुसरा निर्णय घेताना.

उदाहरण म्हणून ईसीजी घेऊ. छातीवर आणि हातापायांवर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून येणारा हृदयाचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. तो मोठा केल्यावर त्यात स्नायूंच्या हालचालीची खरखरही मोठी होऊन येते आणि तिचा बराच भाग हृदयाच्या सिग्नलपेक्षा वरच्या वारंवारतांना असतो. निदानासाठी काढलेल्या प्रौढांच्या ईसीजीत १५० हर्ट्झपर्यंतचा भाग ठेवायचा, अशी प्रथा आहे. त्याखाली कापले तर उंच टोकदार लाटेची धार बोथट होते आणि डॉक्टर जी उंची मोजतात तीच कमी भरते. आजच्या यंत्रांत या कामाचा मोठा वाटा सिग्नल आकड्यांत बदलल्यानंतर संगणकीय फिल्टर करतात, पण आकड्यांत बदलण्याआधी एक खराखुरा, तारा-कपॅसिटरांचा फिल्टर लागतोच. आपण १५० हर्ट्झचा असा एक फिल्टर बांधू. (आलेखात येणारी विजेच्या मेनची ५० हर्ट्झची गुणगुण याने जाणार नाही, ती कटऑफच्या आतच आहे. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. आणि इथे जे काही मोजायचे ते बाकावर, सिग्नल जनरेटर लावून. घरी जोडलेले सर्किट माणसाच्या अंगाला लावायचे नाही.)

सर्किट सॅलन-की नावाचे आहे. सॅलन आणि की या दोघांनी ते १९५५ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत काम करताना प्रसिद्ध केले. तेव्हा त्यात व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आता ऑप-ॲम्प असतो. त्याची मांडणी अशी: सिग्नल एकापाठोपाठ एक दोन सारख्या रेझिस्टरांतून ऑप-ॲम्पच्या अधिक चिन्हाच्या टोकाला जातो. त्या टोकापासून जमिनीला एक कपॅसिटर जोडलेला असतो, त्याला जमिनीचा कपॅसिटर म्हणू. दोन रेझिस्टरांच्या मधल्या सांध्यापासून ऑप-ॲम्पच्या आउटपुटला दुसरा कपॅसिटर जोडलेला असतो, तो परतीचा कपॅसिटर. आउटपुट सरळ वजा चिन्हाच्या टोकाला जोडलेले असते, म्हणजे ऑप-ॲम्प स्वतः सिग्नल मोठा करत नाही. मूळ नमुन्यात परतीचा कपॅसिटर १.४१४ फॅरडचा आणि जमिनीचा ०.७०७ फॅरडचा आहे. पहिला दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट.

आता आकार म्हणजे काय, ते पाहू. बटरवर्थ हे नाव स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे. १९३० च्या एका लेखात त्याने असा फिल्टर मांडला, की ज्याचा आलेख कटऑफच्या आत शक्य तितका सपाट राहतो, कुठे उंचवटा नाही की खळगा नाही. आपल्या सेकंड ऑर्डरच्या नमुन्यात १ रेडियनला सिग्नल ७१ टक्के उरतो. अर्ध्या रेडियनला ९७ टक्के, दोन रेडियनला २४ टक्के, दहा रेडियनला फक्त १ टक्का. या आकड्यांत महत्त्वाचा आहे तो कटऑफशी असलेला पट: अर्धा, एक, दोन, दहा. गायक षड्ज काळी एकवरून पांढरी पाचला नेतो तेव्हा प्रत्येक सुराची वारंवारता बदलते, पण पंचम षड्जाच्या दीडपट तो दीडपटच राहतो, म्हणून राग तोच ओळखू येतो. फिल्टरचेही तसेच. कटऑफ १५० हर्ट्झला नेला की ९७ टक्के ७५ हर्ट्झला मिळतील, ७१ टक्के १५० ला, २४ टक्के ३०० ला आणि १ टक्का १५०० हर्ट्झला. नवा आलेख काढण्याची गरजच नाही, फक्त आडव्या अक्षावरचे आकडे बदलायचे.

घटकांच्या बाजूने हे कसे घडते? कपॅसिटर सिग्नलला जो अडथळा करतो तो वारंवारता आणि फॅरड यांच्या गुणाकारावर ठरतो. गुणाकार मोठा तर अडथळा लहान. मग १५० हर्ट्झला कपॅसिटरने तेवढाच अडथळा करावा, जेवढा मूळ नमुन्यात १ रेडियनला करत होता, असे हवे असेल, तर वारंवारता जितक्या पटीने वाढली तितक्या पटीने कपॅसिटर लहान करायचा. रेझिस्टरचा अडथळा वारंवारतेवर ठरत नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही. बस्स, ही पहिली पायरी.

पट काढताना मात्र एक जागा आहे जिथे बहुतेक नवखे घसरतात. नमुन्याचा कटऑफ १ रेडियन प्रतिसेकंद आहे, १ हर्ट्झ नाही. एका आवर्तनात २π म्हणजे ६.२८३ रेडियन असतात, म्हणून १५० हर्ट्झ म्हणजे ९४२.५ रेडियन प्रतिसेकंद. भागायचे ते ९४२.५ ने. कोणी १५० नेच भागले, तर कपॅसिटर सव्वासहापट मोठे निघतील आणि फिल्टर २४ हर्ट्झच्या आसपास कापायला लागेल. ही चूक ओळखणे सोपे आहे. बांधलेल्या फिल्टरचा कटऑफ हव्या त्या आकड्याच्या सहापट वर किंवा खाली आढळला, तर आधी घटक तपासू नका, आधी २π शोधा.

९४२.५ ने भागल्यावर परतीचा कपॅसिटर १५०० मायक्रोफॅरड होतो, जमिनीचा ७५० मायक्रोफॅरड, आणि रेझिस्टर अजूनही १ ओहमच. कागदावर हा १५० हर्ट्झचा अगदी अचूक फिल्टर आहे. बांधायला मात्र अजून निरुपयोगी, कारण १ ओहमचा भार चालवणे साध्या ऑप-ॲम्पच्या ताकदीबाहेरचे आहे आणि एवढ्या मोठ्या किमतीचे कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिकच मिळतील. त्यांच्या किमतीत वीस टक्के इकडेतिकडे असणे नेहमीचेच, शिवाय त्यांना अधिक-वजा टोके असतात आणि इथला सिग्नल तर दोन्ही बाजूंना झुलणारा.

इथे दुसरी पायरी येते. सर्किटमधला प्रत्येक अडथळा सारख्याच पटीने वाढवला तर काय होईल? कोणत्याही सांध्यावरचा व्होल्टेज हा अडथळ्यांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणावर ठरतो. सगळेच दसपट झाले तर प्रवाह दहाव्या हिश्शावर येतील, व्होल्टेज होते तिथेच राहतील. ऑप-ॲम्पचा गुणक एक आहे, त्याला ओहमचे एकक नाही, म्हणून तोही बदलत नाही. रेझिस्टरचा अडथळा वाढवायचा म्हणजे ओहम वाढवायचे, कपॅसिटरचा वाढवायचा म्हणजे फॅरड कमी करायचे. एकाला गुणायचे, दुसऱ्याला भागायचे. ओहम आणि फॅरड यांचा गुणाकार जसाच्या तसा राहतो, आणि कटऑफ ठरतो तो त्या गुणाकारावरच.

म्हणजे १५० हर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर एकच नाही, त्यांचे अख्खे कुटुंब आहे. यातला कोणता निवडायचा हे तक्ता सांगत नाही. कटऑफ किती हवा हे काम ठरवते, डॉक्टर ठरवतात, पण इम्पिडन्सचा पट ठरवणे सर्वस्वी फिल्टर बांधणाऱ्याच्या हातात असते. माझ्या मते या विषयातला खरा विचार इथेच आहे, आणि शिकवताना नेमका तोच एका ओळीत उरकला जातो.

सुरुवात कुठून करायची हे दुकान सांगते. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे, दर दशकात ९६ किमतींत, सहज आणि स्वस्त मिळतात. चांगले कपॅसिटर मोजक्याच किमतींत मिळतात: १०, १५, २२, ३३, ४७, ६८ आणि मग शंभर. म्हणून आधी कपॅसिटर ठरवायचा आणि त्यावरून पट काढायचा. उलट दिशेने, म्हणजे आधी १०० किलोओहम असा गोल आकडा धरून निघालात, तर ७.५ नॅनोफॅरड शोधत फिरावे लागेल.

जमिनीचा कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा घेऊ. पहिल्या पायरीनंतर तो ७५० मायक्रोफॅरड होता. ७५० मायक्रोफॅरडला १० नॅनोफॅरडने भागले की ७५,००० येतात, हाच इम्पिडन्सचा पट. रेझिस्टर १ ओहमचे ७५ किलोओहम झाले, आणि ही किंमत दुकानात तयार मिळते. परतीचा कपॅसिटर २० नॅनोफॅरड हवा. तो सहसा मिळत नाही, पण दोन १० नॅनोफॅरड समांतर जोडले की २० होतात. आपल्या पूर्ण फिल्टरला लागले काय, तर ७५ किलोओहमचे दोन रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचे तीन कपॅसिटर आणि एक ऑप-ॲम्प. उलट तपासण्यासाठी दोन सूत्रे पुरतात. त्यांत C1 हा परतीचा कपॅसिटर, C2 जमिनीचा:

```
f = 1 / (2π · R · √(C1·C2))
Q = ½ · √(C1 / C2)
```

पहिल्यातून १५०.०५ हर्ट्झ निघतात. दुसऱ्यातून ०.७०७, आणि हा Q म्हणजेच आकाराचा आकडा. ०.७०७ असेल तर बटरवर्थ. त्याहून मोठा असेल तर कटऑफच्या अलीकडे उंचवटा येतो, लहान असेल तर आलेख लवकर झुकू लागतो. दोन सूत्रांकडे नीट पाहिले तर सगळा विषय दिसतो. Q च्या सूत्रात रेझिस्टर नाही, त्यात कपॅसिटरांचे फक्त गुणोत्तर आहे, म्हणून दोन्ही स्केलिंगपैकी एकही त्याला धक्का लावू शकत नाही.

आणखी एक सोय यातून निघते. कटऑफ हलवायला कपॅसिटरच बदलले पाहिजेत असे नाही. दोन्ही रेझिस्टर सारख्या पटीने बदलले तरी तेच होते. लहान बाळांच्या हृदयाचा सिग्नल अधिक चपळ असतो, म्हणून त्यांच्या ईसीजीसाठी २५० हर्ट्झपर्यंतचा भाग ठेवण्याची शिफारस आहे. कपॅसिटर तेच ठेवून ७५ किलोओहमला १५० भागिले २५० ने, म्हणजे ०.६ ने गुणा: ४५ किलोओहम. जवळची मिळणारी किंमत ४५.३, तिने २४८ हर्ट्झ मिळतात. उलट, सतत देखरेखीच्या मॉनिटरवर, जिथे रेषा स्थिर दिसणे महत्त्वाचे असते, ४० हर्ट्झचा कटऑफ ठेवतात. त्यासाठी २८० किलोओहम. म्हणजे तीन कामांना तीच पाटी, तेच कपॅसिटर, आणि स्विचने बदलणाऱ्या रेझिस्टरांच्या तीन जोड्या.

आता पटाच्या निवडीकडे परत येऊ. १० नॅनोफॅरडच का? १ नॅनोफॅरड घेतला असता तर रेझिस्टर ७५० किलोओहमचे झाले असते, आणि कागदावर काहीच फरक पडला नसता. पाटीवर पडला असता. ऑप-ॲम्पचे टोक स्वतःसाठी थोडा प्रवाह ओढते आणि तो या दोन रेझिस्टरांतूनच जातो. जुन्या, स्वस्त जातीच्या ऑप-ॲम्पमध्ये तो काही दहा नॅनोअँपिअर असतो. ४० नॅनोअँपिअर धरले तर दीड मेगाओहमवर ६० मिलिव्होल्टची कायमची चूक बसते. ७५ किलोओहमच्या जोडीवर तीच ६ मिलिव्होल्ट. फेट-इनपुटचा ऑप-ॲम्प घेतला तर हा प्रश्न जवळपास मिटतो, पण दुसरा उरतो. पाटीवरच्या तांब्याच्या रेषा आणि ऑप-ॲम्पचे टोक मिळून पाच-दहा पिकोफॅरड आपोआप जमा होतात, आणि १ नॅनोफॅरडच्या शेजारी ते एक टक्क्यापर्यंत भरतात. शिवाय उंच इम्पिडन्सचा सांधा हवेतली मेनची गुणगुण अँटेनासारखी पकडतो, आणि सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स पावसाळी हवेत ओल धरून गळती सुरू करतो. याची खूण अशी की पाटीजवळ नुसता हात नेला तरी आउटपुट हलते.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन १ मायक्रोफॅरड आणि ७५० ओहम घ्यावेत का? तिथे वेगळा घात आहे आणि तो तक्त्यांत कधीच लिहिलेला नसतो. फार वरच्या वारंवारतेला ऑप-ॲम्पची ताकद संपते, आउटपुट घट्ट धरून ठेवणे त्याला जमत नाही. मग सिग्नल पहिल्या रेझिस्टरातून आणि परतीच्या कपॅसिटरातून, ऑप-ॲम्पला वळसा घालून, थेट आउटपुटवर पोचतो. त्याला अडवायला उरतो तो पहिला रेझिस्टर आणि ऑप-ॲम्पचा आउटपुट अडथळा यांचा भागाकार. हा आउटपुट अडथळा १०० ओहम धरला, तर ७५० ओहमच्या फिल्टरमध्ये सुमारे १२ टक्के सिग्नल निसटतो. ७५ किलोओहमच्या फिल्टरमध्ये हजारात एकाहून थोडा जास्त. खूण स्पष्ट असते: वारंवारता वाढवत नेली की आउटपुट आधी नेमाने उतरते, आणि मग काही दहा किंवा शंभर किलोहर्ट्झला उतरायचे थांबून पुन्हा चढू लागते. मोबाइल फोन किंवा स्विचिंग पॉवर सप्लायचा गोंगाट ईसीजीत शिरायला ही वाट पुरते.

लहान रेझिस्टर म्हणजे मोठे कपॅसिटर, हेही विसरून चालत नाही. १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर जागा खातो. त्याऐवजी लहानसा सिरॅमिक लावावा तर त्याच्या पुष्कळ जातींत व्होल्टेज चढला की फॅरड घटतात, म्हणजे सिग्नलच कटऑफ हलवतो. या श्रवणीय पट्ट्यातल्या कामांना रेझिस्टर काही किलोओहम ते शंभरेक किलोओहम यांच्या दरम्यान ठेवावेत, हा अनुभवी लोकांचा अंदाज इथूनच आलेला आहे.

काही फिल्टरांत मात्र हे स्वातंत्र्य नसतेच. स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हरला ८ ओहमचा स्पीकरच चालवायचा असतो, तेव्हा पट ८ आणि तो बदलता येत नाही. तिथे कॉइलही असते. इम्पिडन्सच्या पटाने कॉइलला गुणायचे आणि वारंवारतेच्या पटाने भागायचे. आपल्या ईसीजी फिल्टरलाही याची एक छोटी आवृत्ती लागू होते: आधीच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट अडथळा पहिल्या रेझिस्टरात मिळतो. काही ओहम असतील तर ७५ किलोओहमपुढे नगण्य, ७५० पुढे नाही.

स्केलिंगला न जुमानणारा एक घटक सर्किटमध्ये आहे, तो म्हणजे ऑप-ॲम्प. सूत्रात कटऑफ १५० ऐवजी १५ लाख हर्ट्झ घाला, सूत्र निमूटपणे १०० पिकोफॅरड आणि ७५० ओहम काढून देईल. पण ज्या ऑप-ॲम्पची स्वतःचीच मर्यादा तीस लाख हर्ट्झ आहे तो तिथे एकाच्या गुणकाने वागणार नाही, आणि मूळ नमुन्यातली गृहीत गोष्टच मोडते. रेझिस्टर-कपॅसिटर आपण लहान-मोठे केले, ऑप-ॲम्प होता तेवढाच राहिला. त्याची मर्यादा कटऑफच्या निदान शंभरपट असावी, एवढी खबरदारी बहुतेक जण घेतात. १५० हर्ट्झला साधा ऑप-ॲम्पही या कसोटीत सहज उतरतो.

तक्ता वापरताना त्याचे शीर्षकही वाचावे लागते. बटरवर्थच्या तक्त्यात १ रेडियन म्हणजे ७१ टक्क्यांची जागा. बेसेल जातीचा फिल्टर लाटेची धार आणि घडण अधिक जपतो, म्हणून ईसीजीसाठी तो मोहात पाडतो, पण त्याचे बरेच तक्ते कटऑफवर नव्हे तर विलंबावर बेतलेले असतात. सेकंड ऑर्डरच्या अशा नमुन्यात ७१ टक्के १.३६ रेडियनला येतात. ते न पाहता स्केलिंग केले तर १५० मागितले असताना २०४ हर्ट्झ मिळतात, आणि कितीही वेळा भागाकार तपासला तरी चूक सापडत नाही.

घटकांच्या अचूकतेचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण स्केलिंग समजल्यावर तो वेगळाच दिसतो. तिन्ही कपॅसिटर सहा टक्क्यांनी मोठे निघाले, प्रत्येकी १०.६ नॅनोफॅरड, असे समजा. कटऑफ १४१.६ हर्ट्झवर येईल, पण गुणोत्तर दोनच आहे, म्हणून Q ०.७०७ राहील. सगळ्यांची सारखी चूक म्हणजे नकळत झालेले फ्रीक्वेन्सी स्केलिंग. आकार बिघडत नाही, जागा हलते. याउलट परतीचा दहा टक्के मोठा आणि जमिनीचा दहा टक्के लहान निघाला, तर कटऑफ जागच्या जागी राहतो, पण गुणोत्तर २.४४ होते, Q ०.७८ होतो आणि आलेखाला सुमारे पावणेदोन टक्क्यांचा उंचवटा येतो. पहिली चूक रेझिस्टर बदलून धुऊन निघते, दुसरी या सर्किटमध्ये दोन्ही रेझिस्टर सारखे ठेवून कधीच निघत नाही. म्हणून तिन्ही कपॅसिटर एकाच पट्टीवरचे, एकाच लॉटचे घ्यावेत. ते चुकलेच तर एकाच दिशेने चुकण्याची शक्यता जास्त.

गुणोत्तर दोनच हवे ही सक्तीही थोडी सैल करता येते. परतीचा २२ आणि जमिनीचा १० नॅनोफॅरड, असे दोनच कपॅसिटर वापरायचे असतील तर रेझिस्टर असमान करावे लागतात: ९७.६ आणि ५२.३ किलोओहम घेतले की १५०.२ हर्ट्झ आणि Q ०.७०७ मिळतो. हे २.२ च्या गुणोत्तराला जमते. गुणोत्तर दोनच्या खाली गेले, उदाहरणार्थ १५ आणि १०, तर कुठल्याही रेझिस्टरांनी बटरवर्थ आकार मिळत नाही. वर्गसमीकरणाची उत्तरे काल्पनिक येतात.

बांधलेला फिल्टर तपासायचा तर ७१ टक्क्यांची जागा शोधणे ही नेहमीची पद्धत. पण तिच्यात जागेची आणि आकाराची चूक मिसळून जातात. या सर्किटला त्या दोन्ही सुट्या करणारी एक छान परीक्षा आहे. जनरेटरचा सिग्नल ऑसिलोस्कोपच्या एका चॅनलवर घ्या, फिल्टरचे आउटपुट दुसऱ्यावर, आणि वारंवारता हळूहळू वाढवत जा. आउटपुटची लाट इनपुटच्या बरोबर पाव आवर्तन मागे पडेल तिथे थांबा. Q कितीही असो, ही जागा f च्या सूत्रातलीच असते. आणि त्याच जागी आउटपुटला इनपुटने भागले की जो आकडा येतो तो थेट Q असतो. पाव आवर्तनाची जागा १४१.६ ला सापडली आणि भागाकार ०.७१ आला, तर फक्त जागा हलली आहे. मग ७५ किलोओहमला १.०६ ने भागा: ७०.७५. ६८ आणि २.७ किलोओहम एकापाठोपाठ जोडले की ७०.७ होतात. दोन्ही ठिकाणी ही जोडी लावा, पुन्हा मोजा, पाव आवर्तन १५० वर येईल आणि भागाकार ०.७१ च राहील. भागाकार ०.७८ आला असता, तर मात्र रेझिस्टरांना हात न लावता कपॅसिटर काढून मीटरवर एकेक मोजायला घ्यावे लागले असते.